समोरच्या दातांतली फट आणि ओठामागची पट्टी

वरचा ओठ दोन बोटांनी उचलून आरशात पाहिलं, तर ओठाच्या आतल्या बाजूने मधोमध निघून हिरडीवर उतरणारी एक पट्टी दिसते. दंतवैद्य तिला फ्रेनम म्हणतात. ती प्रत्येकाला असते. कुणाची दोऱ्यासारखी बारीक, कुणाची जाड आणि पंख्यासारखी पसरलेली. बहुतेकांची ही पट्टी हिरडीच्या वरच्या भागातच थांबते. काहींची मात्र खाली येऊन समोरच्या दोन दातांच्या मधोमध शिरते, आणि त्या दोन दातांमध्ये फट असली की पाहणाऱ्याचा निष्कर्ष ठरलेला असतो: पट्टीने दात लांब ठेवलेत, पट्टी कापा, फट जाईल.

हा निष्कर्ष कधी खरा ठरतो, पण अनेकदा चुकतो. ही पट्टी कापण्याच्या शस्त्रक्रियेला फ्रेनेक्टॉमी म्हणतात. ती छोटी आहे, अर्ध्या तासात होते, आणि म्हणूनच ती चुकीच्या मुलावर किंवा चुकीच्या वयात केली जाण्याचा धोका मोठा आहे. पट्टी आणि फट एकत्र दिसतात, यावरून पट्टीमुळेच फट पडली असं ठरत नाही. फटीमुळे पट्टी खाली राहिली, असंही असू शकतं.

हे कळायला पट्टीचा जन्मापासूनचा प्रवास पाहावा लागतो. तान्ह्या बाळात ही पट्टी बऱ्याचदा हिरडीच्या कडेवरून पार मागे, टाळूच्या टोकाशी असलेल्या छोट्या उंचवट्यापर्यंत गेलेली असते. तेव्हा ते अगदी स्वाभाविक असतं. पुढे दात येतात, त्यांच्याबरोबर जबड्याचं दात धरणारं हाड खाली वाढतं, आणि पट्टी जिथल्या तिथे राहिल्यामुळे दातांच्या तुलनेत वर वर सरकल्यासारखी होते. समोरचे दोन पटाशीचे दात एकमेकांजवळ आले, की त्यांच्या दाबाने मधले तंतूही विरळ होत जातात. म्हणजे दात जवळ येणं हेच पट्टी आक्रसण्याचं एक कारण आहे. दुसऱ्या कुठल्या कारणाने दात लांबच राहिले, तर पट्टीला मागे हटायचं निमित्तच मिळत नाही. ती जाड आणि खालीच राहते, आणि मग दोष मात्र तिच्यावर येतो.

आता वयाचा भाग, कारण पालकांची सगळ्यात जास्त घाई इथे होते. दुधाचे पटाशीचे दात पडून कायमचे येतात ते साधारण सातव्या-आठव्या वर्षी. ते येतात तेव्हा त्यांच्यात फट असणं हा नियम आहे, अपवाद नव्हे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे समोरचे चार दात अनेकदा पंख्यासारखे पसरलेले, बाहेरच्या बाजूला झुकलेले दिसतात. यामागचं कारण नजरेआड असतं. कायमचे सुळे अजून हाडात वरच असतात, आणि खाली उतरताना त्यांची डोकी शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात. मुळं आतल्या बाजूला ढकलली गेली की दातांची खालची टोकं बाहेर झुकतात, आणि मधोमध फट उघडते. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट ब्रॉडबेंट यांनी १९३७ साली या अवस्थेला ‘कुरूप बदकाची अवस्था’ असं नाव दिलं, आणि दंतशास्त्रात ते आजही चालतं. अकरा-बारा वर्षांच्या सुमाराला सुळे खाली येतात, त्यांचा दाब मुळांवरून सरकून दातांच्या दिसणाऱ्या भागावर येतो, झुकलेले दात सरळ होतात आणि पुष्कळ मुलांची फट कुणीही काही न करता मिटते.

या काळात फट साधारण २ मिलिमीटरपर्यंत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ती आपोआप मिटण्याची शक्यता चांगली असते. २ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती पूर्ण मिटेलच असं सांगता येत नाही. तिथे कारण शोधायला हवं. पण शोधायचं म्हणजे लगेच कापायचं नव्हे. या वयात समोरच्या दातांना तारा लावून घाईने जवळ ओढणंही धोक्याचं असतं. शेजारच्या दातांची मुळं खाली येणाऱ्या सुळ्यांच्या वाटेत ढकलली गेली, तर ती झिजू शकतात.

लवकर पट्टी कापल्याने काही फायदा होतो का, हा प्रश्न जुना आहे. बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांची पट्टी काढली होती आणि काहींची तशीच ठेवली होती. सुरुवातीला पट्टी काढलेल्या मुलांची फट लवकर मिटताना दिसली. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन गटांतला फरक राहिला नव्हता. ज्या फटी मिटायच्या होत्या त्या दोन्हीकडे मिटल्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलाला भूल देऊन, टाके घालून जे मिळवायचं, ते तीन वर्षं थांबून बहुधा तसंच मिळतं, असा याचा सरळ अर्थ मी घेतो. अमेरिकेतली बालदंतवैद्यांची संघटनाही हेच सांगते: फटीसाठी पट्टी काढायची असेल तर कायमचे सुळे येईपर्यंत थांबा, आणि आधी दात जवळ आणा.

मग पट्टी खरोखर कारण आहे, हे ओळखायचं कसं? पहिली तपासणी अगदी साधी आहे. दंतवैद्य वरचा ओठ पुढे आणि वर ताणतात आणि समोरच्या दातांच्या मागे, टाळूच्या टोकाशी असलेल्या त्या छोट्या उंचवट्याकडे आरशातून पाहतात. पट्टीचे तंतू दोन दातांच्या मधून पार मागे गेले असतील, तर ओढल्याबरोबर तो उंचवटा पांढुरका पडतो, कारण ताणामुळे तिथला रक्तप्रवाह क्षणभर थांबतो. ओढ सोडली की तो पुन्हा गुलाबी होतो. पाहायचं आहे ते मागच्या बाजूला. अनेकदा फक्त पुढची हिरडी पांढरी झालेली पाहून निकाल दिला जातो. पुढची हिरडी पांढरी पडणं हा वेगळा मुद्दा आहे. त्यातून पट्टी हिरडीला ओढते एवढंच कळतं. ओढ सतत राहिली तर हिरडी दातावरून उतरू शकते, ब्रश नीट फिरत नाही, आणि त्या कारणासाठी पट्टी काढण्याची गरज वेगळी ठरू शकते. फटीशी तिचा संबंध मागच्या उंचवट्यावरून ठरतो.

ही खूण महत्त्वाची असली तरी एकटी पुरेशी नाही. लहान मुलांत पट्टी अजून वर सरकलेलीच नसते, त्यामुळे मागचा उंचवटा पांढरा होणं त्या वयात अनेकदा दिसतं. मोठ्यांतही काही जणांची पट्टी खालपर्यंत असते आणि दात मात्र एकमेकांना चिकटलेले असतात. पट्टी हिरडीवर कुठे येऊन चिकटते, त्यावरून तिचे चार प्रकार प्लाचेक यांनी १९७४ साली मांडले. वरच्या मऊ त्वचेपाशी थांबणारी, हिरडीवर उतरणारी, दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकापर्यंत येणारी आणि त्या टोकातून आरपार मागे जाणारी. संशय घ्यायचा तो मुख्यतः शेवटच्या प्रकारावर, आणि थोडाफार तिसऱ्यावर.

दुसरा पुरावा एक्स-रेमध्ये असतो. वरचा जबडा मुळात डाव्या आणि उजव्या अशा दोन भागांनी बनतो आणि समोर मधोमध त्यांची शिवण असते. सामान्यतः दोन समोरच्या दातांमध्ये हिरडीखाली एका दाताकडून दुसऱ्या दाताकडे जाणारे तंतू असतात. ते दोन्ही दातांना एकमेकांजवळ धरून ठेवतात. पट्टीचे जाड तंतू जेव्हा त्या शिवणीत खोल शिरतात, तेव्हा या तंतूंची साखळी मधोमध तुटते आणि दात जवळ धरणारं काही उरत नाही. अशा वेळी दोन दातांमधल्या हाडाच्या कडेवर, मधोमध, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसते. मागचा उंचवटा पांढरा होणं आणि हाडात खाच दिसणं या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि वय बारा-तेराच्या पुढे असलं, तर पट्टीवरचा संशय बळकट होतो.

एक्स-रेचं दुसरं काम तितकंच मोठं आहे: बाकीची कारणं शोधणं. समोरच्या दोन दातांच्या मुळांमध्ये हाडात एखादा जादा दात दडलेला असू शकतो. बहुधा तो छोटा, शंकूसारखा असतो, बाहेर येत नाही, आणि दोन दातांना वेगळं ठेवतो. अशा मुलाची पट्टी कापून काहीही होत नाही. म्हणून एक्स-रे न काढता पट्टी कापायचा सल्ला मिळाला, तर तो सल्ला अर्धवट तपासणीवर बेतलेला आहे, हे पालकांनी निःसंकोच समजावं.

त्यानंतर दातांच्या मापाचा प्रश्न. हे कारण सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं, आणि ते फक्त मोजून कळतं. समोरचा पटाशीचा दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याच्या शेजारचा साधारण साडेसहा. समजा, एखाद्याचे शेजारचे दोन्ही दात जन्मतःच लहान, पाचच मिलिमीटरचे आहेत. दोन्ही बाजूंना दीड दीड मिलिमीटर जागा कमी भरली, म्हणजे एकूण ३ मिलिमीटर जागा उरली. ती जागा कुठे ना कुठे फट म्हणून दिसणारच. पट्टी कापून दातांची रुंदी वाढत नाही. अशा वेळी तारांनी दात नीट वाटून लहान दातांना मिश्रणाने किंवा कॅपने योग्य रुंदी देणं हा उपाय आहे. कधी शेजारचा दात आलेलाच नसतो, आणि मग मधले दात रिकाम्या जागेकडे सरकतात. वरचे दात खालच्यांना खूप खोल झाकत असतील, बोलताना आणि गिळताना जीभ पुढे दाबली जात असेल किंवा अंगठा चोखण्याची सवय लांबली असेल, तरी फट पडते आणि टिकते. आईवडिलांपैकी कुणाला अशीच फट असेल तर तेही विचारून घ्यावं. फट घराण्यात चालत आलेली असू शकते.

मोठ्या माणसांसाठी एक वेगळा इशारा. चाळिशीत किंवा पुढे, आधी जवळ असलेल्या दातांत नव्याने फट पडू लागली असेल, तर पट्टीकडे पाहायचंही कारण नाही. पट्टी जन्मापासून तिथेच आहे. नवी फट बहुतेकदा हिरडीच्या आजाराने हाड झिजल्यामुळे दात सरकल्याची खूण असते, आणि तिथे पहिलं काम हिरडीच्या उपचाराचं. फट मिटवायचा विचार त्यानंतर.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते एका नमुन्यावरून पाहू. चौदा वर्षांचा मुलगा, समोरच्या दातांमध्ये ३ मिलिमीटर फट. सुळे दोन वर्षांपूर्वीच आलेत, म्हणजे आपोआप मिटायची वाट पाहण्याचा काळ संपलाय. शेजारचे दात मोजले, ते साडेसहा आणि पावणेसात मिलिमीटर; लहान नाहीत. एक्स-रेमध्ये जादा दात नाही, पण मधल्या हाडात स्पष्ट खाच आहे. ओठ ओढला की मागचा उंचवटा पांढरा होतो. चावा ठीक आहे, जीभ दाबली जात नाही. इथे पट्टी जबाबदार आहे असं म्हणायला पुरेसा आधार आहे. तरीही पहिलं पाऊल शस्त्रक्रियेचं नाही. पहिलं पाऊल तारांचं.

हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. अडथळा आहे तर आधी तो काढावा आणि मग दात आणावेत, असंच कुणाच्याही मनात येईल. पण आधी पट्टी कापली, की तिथे व्रणाची ऊती तयार होते. व्रणाची ऊती घट्ट असते, आणि दात लांब असतानाच ती भरली तर ती दातांना लांबच धरते. दात आधी जवळ आणून मग पट्टी काढली, तर तीच घट्ट ऊती दात एकत्र असताना भरते आणि त्यांना तसंच ठेवायला मदत करते. म्हणून या मुलाच्या वरच्या दातांवर ब्रॅकेट लावून काही महिन्यांत फट मिटवली जाते. फट मिटत आली की मधली जाड पट्टी दोन दातांच्या चिमटीत सापडून हिरडीवर गुठळीसारखी फुगते. तिच्यामुळे शेवटची फट बंद होत नसेल किंवा दुखत असेल, तर त्याच टप्प्यावर पट्टी काढतात आणि तारांचं काम न थांबवता लगेच पुढे चालू ठेवतात. ते काही महिने पुढे ढकललं, तर व्रण मधल्या काळात घट्ट होऊन बसतो.

शस्त्रक्रिया दंतवैद्याच्या खुर्चीतच होते. लिग्नोकेन आणि ॲड्रिनलिनचं इंजेक्शन ओठाच्या आतल्या भागात दिलं जातं. दुखतं ते मुख्यतः तेवढंच. मग पट्टी चिमट्यात धरून तिच्या वर आणि खाली छेद घेतात, आणि पट्टी निघाली की हिऱ्याच्या आकाराची जखम उरते. खरं काम यानंतर असतं. हाडाला चिकटलेले आणि दोन दातांच्या मधून मागे गेलेले तंतू सोडवायचे असतात. ते राहिले तर पट्टी वरवर नाहीशी दिसते आणि कारण तसंच राहतं. हे करताना दोन दातांमधल्या हिरडीचं टोक मात्र जपावं लागतं, कारण ते गेलं तर फटीच्या जागी दातांमध्ये काळा त्रिकोण दिसू लागतो आणि तो भरणं फटीपेक्षा अवघड असतं. शेवटी ओठाच्या आतल्या बाजूची जखम तीन-चार टाक्यांनी बंद करतात. टाके साधारण आठवड्याने निघतात.

लेझरने ही शस्त्रक्रिया केल्यास रक्त कमी येतं, बऱ्याचदा टाके लागत नाहीत, आणि लहान मुलांची भीती कमी होते. पण मधल्या तंतूंपर्यंत पोहोचायचं आहेच, आणि तिथे हाड जवळ असल्यामुळे उष्णता जपून वापरावी लागते. लेझर हे साधन आहे; निदान चुकलं असेल तर लेझरने केलेली शस्त्रक्रियाही तितकीच वाया जाते.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाचा शेक, दोन-तीन दिवस मऊ आणि कोमट अन्न, तिखट आणि गरम टाळणं, आणि सांगितलेलं माउथवॉश. जखमेवर पांढरट-पिवळसर थर येतो, तो पू नसतो. जखम भरण्याचाच तो भाग आहे. ओठ उचलून उचलून पाहण्याचा मोह मात्र आवरावा, त्याने टाके ताणले जातात. रक्त दाबूनही थांबत नसेल, ताप येत असेल किंवा तीन-चार दिवसांनंतर सूज वाढत असेल, तर लगेच दाखवावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर ते शस्त्रक्रियेच्या आधीच सांगायला हवं.

आणि इथे ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती गोष्ट: या दोन दातांना पुन्हा लांब जायची सवय असते. तारा काढल्यावर दातांच्या मागच्या बाजूला एक बारीक तार चिकटवून ठेवतात, आणि ती वर्षानुवर्षं, शक्यतो कायम ठेवावी लागते. तिच्या कडेला कीटण साचतं म्हणून तिथे नीट ब्रश करावा लागतो, आणि ती सुटली की लगेच परत बसवून घ्यावी लागते. फ्रेनेक्टॉमी उत्तम झाली, पण ही तार लावली नाही किंवा तुटल्यावर दुर्लक्ष केलं, तर फट परत येऊ शकते. पट्टी काढल्याने ती शक्यता कमी होते, संपत नाही. जॉन एडवर्ड्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पट्टी आणि फट यांचा संबंध बळकट पण पक्का नाही, असंच दिसलं होतं.

फट हा आजार नाही. आपल्याकडे तिला भाग्याची खूण मानणारी घरंही आहेत, आणि ज्याला ती आवडते त्याने ती तशीच ठेवावी. तिच्यामुळे दात खराब होत नाहीत. मिटवायचीच असेल, तर दंतवैद्याला चार गोष्टी विचारा. सुळे आलेत का? एक्स-रेमध्ये जादा दात किंवा हाडातली खाच दिसते का? शेजारच्या दातांची मापं घेतलीत का? आणि दात जवळ आणण्याचं काम शस्त्रक्रियेच्या आधी आहे की नंतर? या चारपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल, तर मुलाच्या ओठामागच्या पट्टीला हात लावू देऊ नका; दुसऱ्या दंतवैद्याचं, शक्यतो ऑर्थोडॉन्टिस्टचं, मत घ्या.